फोटोतली बाटली आणि तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे

घरातील ज्येष्ठांचे केसांचे तेल किंवा शाम्पू संपत आला की पूर्वी रिकामी बाटलीच दुकानात नेली जाई. आता बाटलीचा फोटो काढून तो मुलाला, सुनेला किंवा ओळखीच्या औषधविक्रेत्याला पाठवला जातो. असे फोटो आम्हा डॉक्टरांकडेही येतात आणि त्यांच्यासोबत बहुधा दोन प्रश्न असतात. हे नेमके कोणते तेल आहे? आणि मोजलेल्या पैशांइतके त्यात काही आहे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बाटलीच्या दर्शनी बाजूवर सहसा सापडत नाहीत. ती मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतात, आणि फोटो मात्र नेमका पुढच्या बाजूचा काढलेला असतो.

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजी एकाहत्तर वर्षांच्या, साताऱ्याजवळ राहणाऱ्या. मुलगा व सून पुण्यात. आजींचे केस दोन महिन्यांपासून फार गळत होते. शेजारणीने सुचवलेले तेल त्यांनी आणले, ते संपत आले, आणि त्यांनी बाटलीचा फोटो सुनेला पाठवला. सुनेने तसेच दिसणारे तेल मागवले. बाटली घरी आल्यावर आजी म्हणाल्या, ‘हे ते नव्हे, याचा वासच निराळा.’ नाव तेच, रंग तोच, झाकणही तेच होते. फक्त नावाखाली लहान अक्षरांत छापलेला एक शब्द वेगळा होता. एकाच नावाखाली चिकट न होणारे, थंडावा देणारे, केसगळतीसाठीचे आणि कोंड्यासाठीचे अशी चार तेले विकली जातात. त्यांची वेष्टने एकमेकांसारखी असली तरी आतील घटक पुष्कळदा अगदी भिन्न असतात.

फोटो कसा असावा

बाटली ओळखायची तर एक फोटो पुरत नाही, निदान चार लागतात. पहिला दर्शनी बाजूचा, संपूर्ण नाव आणि त्याखालचे लहान शब्द दिसतील असा. दुसरा मागच्या बाजूचा, जेथे ‘घटक’ किंवा ‘इन्ग्रेडिएंट्स’ असे लिहून यादी दिलेली असते. बाटली गोल असेल तर या यादीच्या ओळी कडेला वळतात आणि नेमके शेवटचे शब्द दिसेनासे होतात. म्हणून बाटली थोडी फिरवून तिसरा फोटो घ्यावा. चौथा फोटो किंमत, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना यांचा. ही माहिती पुष्कळदा लेबलवर नसून बाटलीच्या गळ्यावर, बुडाशी किंवा खोक्याच्या पाकळीवर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत उमटवलेली असते.

फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढावा. फ्लॅश लावल्यास चकचकीत वेष्टनावर पांढरा डाग पडतो आणि अक्षरे पुसली जातात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो आक्रसून जातो; त्यामुळे पाठवण्याआधी ‘एचडी’ हा पर्याय निवडावा किंवा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आकाराचा अंदाज फोटोवरून मुळीच बांधू नये. शंभर मिलीलिटरची आणि दोनशे मिलीलिटरची बाटली फोटोत सारखीच दिसते. ऑनलाइन दुकानातील चित्रावरही विसंबू नये, कारण घटक बदलले तरी तेथील चित्र कधी कधी जुनेच राहते.

आणखी एक सावधगिरी घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. बाटली टाकून देणे अनेकांच्या जिवावर येते; रिकाम्या बाटलीत सुटे तेल, सांधेदुखीचे तेल, क्वचित फिनेलसुद्धा भरून ठेवले जाते. फोटोवरून बाटली ओळखता येते, आतला पदार्थ ओळखता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘आई, ही बाटली दुकानातून आणलेलीच आहे ना, की यात दुसरे काही भरले आहे?’

आधी बाटलीची जात ओळखावी

केसांना लावण्याच्या बाटल्या कायद्याच्या दृष्टीने एकाच प्रकारच्या नसतात. खाद्यतेल, सौंदर्यप्रसाधन, आयुर्वेदिक औषध आणि ॲलोपॅथिक औषध असे चार प्रकार आपल्या घरांत आढळतात, आणि प्रत्येकाचे लेबल वेगळ्या रीतीने वाचावे लागते.

शुद्ध खोबरेल तेलाच्या अनेक बाटल्यांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. असा क्रमांक असल्यास ते खाद्यतेल म्हणून विकले जात आहे असे समजावे, मग घरात ते फक्त केसांनाच लागत असले तरी. लहान बाटलीतील खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा वाद कराच्या दरासाठी वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही. आपल्यासाठी यातला उपयोगाचा भाग एवढाच की, अशा बाटलीत एकच घटक असतो आणि तुलनेसाठी तीच सर्वांत सोयीची मोजपट्टी ठरते.

दुसरा प्रकार सौंदर्यप्रसाधनांचा. बहुतेक सुगंधी केशतेले आणि शाम्पू यात येतात. त्यांच्यावर घटकांची यादी असते, परंतु कोणता घटक किती आहे हे सांगण्याचे बंधन नसते. तिसरा प्रकार आयुर्वेदिक औषधांचा. त्यावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द छापलेले असतात आणि दर दहा मिलीलिटरमध्ये कोणती वनस्पती किती, हे दिलेले असते. चौथा प्रकार ॲलोपॅथिक औषधांचा, त्यावर औषधाचे नाव आणि टक्केवारी असते. पुढच्या बाजूला पाने, फुले आणि खल-बत्ता यांचे चित्र आहे म्हणून बाटली आयुर्वेदिक ठरत नाही. आजींची बाटली अशीच होती. दर्शनी बाजूस बदाम, भृंगराज आणि आवळा. मागे मात्र ती सौंदर्यप्रसाधन असल्याचे स्पष्ट दिसत होते.

एक टक्क्याची अदृश्य रेघ

आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, ज्या घटकांचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. सर्वांत जास्त असलेला घटक पहिला, त्याहून कमी असलेला दुसरा, याप्रमाणे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर येतात, मात्र ते कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही रेघ कोठे आहे ते लेबलवर दाखवलेले नसते. ती आपल्यालाच अंदाजाने ओढावी लागते.

त्यासाठी एक सोपी खूण आहे. यादीत ‘सुगंध’, ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द शोधावा. सुगंधी द्रव्य साधारणपणे एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी घातले जाते. शाम्पूमध्ये ‘फिनॉक्सीएथेनॉल’ हे टिकवण्यासाठी घातलेले द्रव्य असेल तर खूण अधिक पक्की, कारण त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. या शब्दांनंतर जे जे येते ते अल्पमात्र आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आजींच्या तेलाची यादी अशी होती: लाइट लिक्विड पॅराफिन, सूर्यफुलाचे तेल, सुगंध, बदामाचे तेल, भृंगराज अर्क, आवळा अर्क, ई-जीवनसत्त्व आणि रंग. पहिला घटक लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून शुद्ध केलेले, वास नसलेले, पातळ तेल. बाटलीत सर्वांत अधिक तेच होते. नाव ज्याचे होते तो बदाम सुगंधानंतर चौथ्या क्रमांकावर. दोनशे मिलीलिटरच्या बाटलीत एक टक्का म्हणजे दोन मिलीलिटर. पाच मिलीलिटरचा चहाचा चमचा घेतला तर त्याचा अर्धाही भरणार नाही, इतके बदाम तेल संपूर्ण बाटलीत असावे. भृंगराज आणि आवळा यांचे अर्क त्याच्याही पुढे होते.

येथे लिक्विड पॅराफिनवर अन्याय करू नये. ते विष नव्हे. शुद्ध केलेले हे तेल त्वचेला सहसा त्रास देत नाही, खवट होत नाही आणि केसांवर पातळ थर देऊन त्यांना गुंता होऊ देत नाही. मात्र ते केसाच्या आत जात नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते. २००३ साली मुंबईतील संशोधकांनी खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल या तिन्ही तेलांची तुलना प्रसिद्ध केली. तीत केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय रीतीने कमी करणारे तेल फक्त खोबरेल ठरले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय तो अभ्यास केसाच्या टिकाऊपणाविषयी आहे. मुळाशी नवा केस उगवण्याविषयी नाही.

आयुर्वेदिक बाटलीची यादी वेगळी

आजींच्या सुनेने नंतर दुसऱ्या एका तेलाचा फोटो पाठवला. त्यावर ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापले होते आणि यादी ‘प्रत्येक १० मिलीलिटरमध्ये’ या शब्दांनी सुरू होत होती. भृंगराज ३०० मिलिग्रॅम, आवळा १५० मिलिग्रॅम, अशा पाच-सहा वनस्पती आणि अगदी शेवटी ‘तीळ तेल, क्यू. एस.’ ही दोन अक्षरे लॅटिन शब्दांची आहेत आणि त्यांचा अर्थ ‘पुरेसे होईल इतके’ असा आहे. म्हणजे वनस्पतींचे प्रमाण घातल्यानंतर दहा मिलीलिटर भरण्यासाठी लागेल तेवढे तिळाचे तेल.

या प्रकारच्या यादीत मूळ तेल बहुधा शेवटी लिहिलेले असते, कारण येथे उतरत्या क्रमाचा संकेत पाळला जात नाही. तेव्हा अशा बाटलीवर सर्वप्रथम शेवटची ओळ वाचावी. तेथे तीळ तेल, खोबरेल की लिक्विड पॅराफिन आहे, हे कळले की बाटलीचा बहुतांश भाग कळला. वनस्पतीच्या नावापुढे ‘स्वरस’, ‘चूर्ण’, ‘अर्क’ यांपैकी काय आहे तेही पाहावे. तीनशे मिलिग्रॅम वाळलेली पाने तेलात उकळून गाळणे आणि तीनशे मिलिग्रॅम दाट अर्क घालणे, या सारख्या गोष्टी नाहीत. प्रमाण दिलेले आहे ही या लेबलची जमेची बाजू. प्रमाण दिले म्हणून परिणाम सिद्ध झाला, असे मात्र होत नाही.

दाव्यापुढचा तारा

आजींच्या बाटलीवर ‘केसगळतीत मोठी घट’ असे ठळक अक्षरांत होते आणि त्याच्या शेजारी एक छोटा तारा. असा तारा दिसला की त्याचा जोडीदार बाटलीवर शोधावा. तो खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडला: ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती, तेल न लावलेल्या केसांच्या तुलनेत.’ या एका ओळीने दाव्याचा अर्थच पालटतो. कोणतेही तेल लावल्यावर कंगवा सहज फिरतो आणि केस कमी तुटतात. हा दावा खोटा नाही. पण आजींना जे हवे होते त्याविषयी तो बोलतच नाही.

आपले केस तुटत आहेत की मुळापासून गळत आहेत, हे घरी पाहता येते. सकाळी उशीवरचे आणि कंगव्यातले दहा-पंधरा केस पांढऱ्या केसांसाठी काळ्या आणि काळ्या केसांसाठी पांढऱ्या कागदावर ठेवावेत. एका टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीक फिकट गाठ दिसली तर केस मुळापासून सुटला आहे. गाठ नसेल आणि तुकडे आखूड असतील तर तो मध्येच तुटला आहे. तुटणाऱ्या केसांना तेलाचा उपयोग होतो. मुळापासून सुटणाऱ्या केसांचे कारण शरीरात किंवा त्वचेत शोधावे लागते. रोज पन्नास ते शंभर केस गळणे मात्र स्वाभाविक आहे.

आजींच्या केसांना गाठ होती. विचारपूस केल्यावर कळले की, गळती सुरू होण्याच्या सुमारे तीन महिने आधी त्यांना डेंग्यूचा कडक ताप येऊन गेला होता. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा वजन झपाट्याने उतरणे यांनंतर पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. दुसरे काही कारण नसेल तर बहुतेकांची ही गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. या काळात जे तेल हाती असेल त्याला श्रेय मिळते. मात्र वृद्धांमध्ये रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, अपुरा प्रथिनयुक्त आहार आणि काही औषधे यांमुळेही असेच केस गळतात, आणि तेव्हा तेलाची वाट पाहण्यात महिने वाया जातात. आजींचे हिमोग्लोबिन तपासले, ते कमी निघाले. थायरॉइड ठीक होते. उपचार रक्तक्षयाचे झाले.

किंमत दहा मिलीलिटरची पाहावी

बाटलीची छापील किंमत तुलनेला निरुपयोगी असते, कारण बाटल्या ९०, १००, १९०, २०० अशा वेगवेगळ्या मापांच्या असतात. आता वेष्टनांवर छापील किमतीजवळ दर मिलीलिटरची किंमतही दिलेली असते. तीच फोटोत शोधावी. न दिसल्यास किमतीला मिलीलिटरने भागून दहाने गुणावे. आजींचे तेल २०० मिलीलिटरला ४०० रुपये, म्हणजे दहा मिलीलिटरला २० रुपये होते. त्यांच्याच दुकानातील साधे खोबरेल २५० मिलीलिटरला १४५ रुपये, म्हणजे दहा मिलीलिटरला ५ रुपये ८० पैसे.

आजी आठवड्यातून दोनदा, दर वेळी सुमारे दहा मिलीलिटर तेल लावत. महिन्याला ऐंशी मिलीलिटर. एका तेलाचे १६० रुपये, दुसऱ्याचे सुमारे ४६. वर्षाचा फरक साडेतेराशे रुपयांच्या आसपास येतो. कोणाला तो सुगंध आवडत असेल, तेल चिकट नसल्याने उशी खराब होत नसेल, तर त्यासाठी हे पैसे देण्यात गैर काही नाही. परंतु ते पैसे सुगंधाचे आणि हलकेपणाचे आहेत, बदामाचे नव्हेत, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

शाम्पूच्या बाबतीत एकच भेद

शाम्पूवर सर्वाधिक गोंधळ कोंड्याबाबत होतो. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकला जाणारा कोंड्याचा शाम्पू आणि औषध म्हणून विकला जाणारा शाम्पू फोटोत भावंडांसारखे दिसतात. औषधी बाटलीवर ‘कीटोकोनॅझोल २ टक्के’ असे नाव आणि प्रमाण दोन्ही असते. तो सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात आणि दर वेळी तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून मग धुतात. लगेच धुऊन टाकल्यास त्याची किंमत वाया जाते. नुसते ‘अँटी-डँड्रफ’ लिहिलेल्या बाटलीवर प्रमाण शोधावे; तेथे कडुनिंब आणि लिंबू यांची चित्रेच असतील आणि यादीत ती सुगंधानंतर येत असतील, तर तो साधा शाम्पू समजावा.

कोंडा म्हणजे कोरडेपणा, असे मानून अनेक ज्येष्ठ आधी भरपूर तेल लावतात. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरील स्निग्ध आम्लांवरच जगते, त्यामुळे तेल रात्रभर ठेवल्यास ती वाढते. पार्किन्सनच्या रुग्णांत हा त्रास अधिक दिसतो. तेथे सेवा करणाऱ्यांनी तेल कमी करून औषधी शाम्पूचा वेळ पाळणे अधिक हिताचे.

थंडावा देणाऱ्या तेलाचा फोटो आल्यास यादीत ‘कापूर’ किंवा ‘कॅम्फर’ हा शब्द अवश्य पाहावा. कापूर पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात. नातवंडे असलेल्या घरात ती बाटली आजोबांच्या उशाशी न ठेवता उंच फळीवर ठेवावी.

पुढच्या वेळी घरातून बाटलीचा फोटो आला की तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: बाटलीचा प्रकार, घटकयादीचा पहिला शब्द (आयुर्वेदिक औषध असल्यास शेवटची ओळ) आणि दहा मिलीलिटरची किंमत. आणि पाठवणाऱ्याला एक प्रश्न मागे विचारावा: केस कधीपासून गळत आहेत, आणि त्याआधी तीन महिन्यांत काय झाले होते? गळतीसोबत थकवा, धाप, वजनातील बदल किंवा डोक्यावर गोल चट्टे असतील, तर बाटली बदलण्यापूर्वी डॉक्टरांना डोके दाखवावे.